त्या दिवशीचा दर कोणता?

डेअरीच्या दरपत्रकात तीन ओळी आहेत: 1 एप्रिलपासून लिटरला 32 रुपये, 11 पासून 34, 21 पासून 33. मग 18 एप्रिलला घातलेल्या 10 लिटर दुधाचे किती? 18 तारीख तक्त्यात नाहीच. म्हणून त्या दिवसापर्यंत लागू झालेला शेवटचा दर घ्यायचा: 34, म्हणजे 340 रुपये. एक्सेलमध्ये A स्तंभात लागू तारखा, B मध्ये दर आणि D2 मध्ये व्यवहाराची तारीख असेल, तर सूत्र असे:

```
=LOOKUP(D2,$A$2:$A$4,$B$2:$B$4)
```

तारखा चढत्या क्रमानेच हव्यात. क्रम बिघडला, तर चुकीचा दर येऊनही काही इशारा मिळत नाही. दर बदलला की जुना खोडू नका, खाली नवी ओळ जोडा आणि सूत्रातली कक्षा वाढवा. खोडलात, तर मागची बिलेही बदलतील.