जिवाणूची गोळी यीस्टला का लागत नाही?

घशासाठी अमॉक्सिसिलिनचा कोर्स झाला आणि जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे आले, की काही जण उरलेल्या त्याच गोळ्या पुन्हा घेतात. चट्टे वाढतात. कारण इथे शत्रू दुसरा आहे : कॅन्डिडा नावाचं यीस्ट. चट्टा पुसला तर निघतो, खाली लालसर दिसतं.

जिवाणू दुभागून वाढतो, तेव्हा त्याला नवी भिंत बांधावी लागते. ही गोळी त्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनची वीण अडवते, आणि जिवाणू फुटतो. यीस्टच्या भिंतीत तो पदार्थच नाही. तिथे ग्लुकन आणि कायटिन असतं. गोळीनं तोंडातले शेजारी जिवाणू मात्र मरतात, आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. सूक्ष्मदर्शकाखाली अंगाला कळ्या फुटलेल्या, जिवाणूपेक्षा बऱ्याच मोठ्या पेशी दिसल्या, की ओळख पटते.

यीस्टच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं, त्यामुळे नेम धरणं अवघड. फरक सापडतो तो पेशीच्या आवरणात : आपल्याकडे कोलेस्टेरॉल, त्याच्याकडे अर्गोस्टेरॉल. निस्टॅटिन त्या अर्गोस्टेरॉलला चिकटून आवरणाला भोकं पाडतं. फ्लुकोनॅझोल ते तयारच होऊ देत नाही. पण त्यानं कॅन्डिडाची वाढ थांबते, लगेच मरण येत नाही. म्हणून चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर ते साधारण 7 ते 14 दिवस घ्यायला सांगतात.