तीस सेकंदांत स्वतःची ओळख
तीस सेकंदांत सावकाश बोलून मराठीत जेमतेम साठ-पासष्ट शब्द मावतात. तरी मुलाखतीत बरेच जण त्यातले निम्मे गाव, शाळा आणि टक्केवारीवर घालवतात. ते सगळं बायोडेटात असतंच. त्याऐवजी सध्याचं काम, त्यातली एक ठोस गोष्ट आणि इथे येण्याचं कारण सांगा. चाकणच्या कारखान्यातली क्वालिटी इन्स्पेक्टर नाव सांगून म्हणेल, ‘तीन वर्षं मी ब्रेकचे सुटे भाग तपासते. रिजेक्शन एकाच मशीनवर वाढतंय हे नोंदींवरून लक्षात आलं. तिथला झिजलेला टूल बदलल्यावर ते कमी झालं. आता मला प्रोसेस सुधारण्याचं काम करायचंय, म्हणून अर्ज केला.’ एखाद्या कार्यक्रमात शेवटचं वाक्य गाळावं आणि ‘तुमच्याकडे हे कसं करतात?’ असं विचारावं.

पाठांतर मात्र नको, ते लगेच कळतं. कागदावर फक्त तीन शब्द लिहा: ब्रेक, टूल, प्रोसेस. त्यांवरून दर वेळी नव्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ऐकताना जे वाक्य घरी कधीच तोंडी आलं नसतं, ते काढा. ‘मी मेहनती आणि जिद्दी आहे’ बहुधा तिथेच गळतं. रेकॉर्डिंग चाळीस सेकंदांवर गेलं तर वेग वाढवू नका, एक वाक्य कमी करा.