एक वर्तुळ, एक सरकती रेषा आणि चार नावं

सेमी-इंग्रजीच्या वर्गात वर्तुळाचा धडा सुरू झाला, की रेडियस, कॉर्ड, सीकंट आणि टॅन्जंट हे चार शब्द एकदम पुढ्यात येतात. त्यांच्या मराठी जोड्या सरळ आहेत. रेडियस म्हणजे त्रिज्या, कॉर्ड म्हणजे जीवा, सीकंट म्हणजे छेदिका आणि टॅन्जंट म्हणजे स्पर्शिका. पाठ्यपुस्तकात छेदिकेला वृत्तछेदिका असंही म्हटलेलं असतं. या जोड्या मुलं सहज पाठ करतात. अडतं ते आकृतीपाशी, कारण समोरच्या रेषेला यातलं कोणतं नाव द्यायचं हे तिथे ठरवावं लागतं. ते ठरवायला एकच गोष्ट पाहावी लागते: ती रेषा वर्तुळकेंद्रापासून किती दूर आहे.

वहीवर ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्रापासून वर्तुळावरच्या कोणत्याही बिंदूपर्यंतचा रेषाखंड म्हणजे त्रिज्या. त्याच्या लांबीलाही त्रिज्याच म्हणतात, म्हणून या वर्तुळाची त्रिज्या ५ सेंटिमीटर. आता केंद्रापासून ३ सेंटिमीटर अंतरावर एक रेषा काढा. ती वर्तुळाला दोन बिंदूंत छेदते, म्हणून ती छेदिका. तिचा या दोन बिंदूंमधला, वर्तुळाच्या आत असलेला तुकडा म्हणजे जीवा. पहिला मोठा गोंधळ इथेच होतो. छेदिका ही रेषा आहे, तिला दोन्हीकडे अंत नाही. जीवा हा रेषाखंड आहे, त्याला दोन टोकं आहेत आणि ती दोन्ही वर्तुळावर आहेत. म्हणून ‘जीवेची लांबी काढा’ असा प्रश्न येऊ शकतो, ‘छेदिकेची लांबी काढा’ असा येऊ शकत नाही. त्रिज्येचं एकच टोक वर्तुळावर असतं, त्यामुळे त्रिज्या ही जीवा नव्हे. व्यास मात्र जीवाच आहे, केंद्रातून जाणारी.

या जीवेची लांबी मोजण्याआधी हिशेबाने काढता येते. केंद्रातून जीवेवर लंब टाकला की तो जीवेचे दोन समान भाग करतो. मग एक काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा कर्ण म्हणजे ५ ची त्रिज्या, एक बाजू ३ चा लंब, आणि उरलेली बाजू अर्धी जीवा. पायथागोरसच्या प्रमेयाने २५ मधून ९ वजा केले की १६ उरतात, म्हणून अर्धी जीवा ४ आणि पूर्ण जीवा ८ सेंटिमीटर.

रेषा बाहेरच्या बाजूला सरकवत न्या. अंतर ४ झालं की जीवा ६ होते. अंतर ४.८ झालं की ती २.८ उरते. अंतर बरोबर ५, म्हणजे त्रिज्येइतकं झालं, की जीवा शून्य होते. तिची दोन टोकं एकाच बिंदूत मिळालेली असतात आणि छेदिकेची स्पर्शिका झालेली असते. त्या बिंदूला स्पर्शबिंदू म्हणतात. रेषा आणखी सरकवली तर तिचा वर्तुळाशी संबंधच संपतो. थोडक्यात, अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर छेदिका, त्रिज्येइतकं असेल तर स्पर्शिका, आणि जास्त असेल तर दोन्ही नाही.

उलट दिशेने रेषा केंद्रापर्यंत आणली तर अर्धी जीवा वाढत वाढत ५, म्हणजे त्रिज्येइतकी होते. त्रिज्या हा शब्द यातूनच आला आहे. जुन्या भारतीय गणितात वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी, अर्थात ज्या किंवा जीवा, अशी कल्पना होती. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास अर्ध्या ज्यांचं कोष्टक दिलं, आणि पुढे अर्ध्या ज्येलाच ज्या म्हणू लागले. एक राशी ३० अंशांची, तीन राशी ९० अंशांच्या. तीन राशींची ज्या सगळ्यांत मोठी असते आणि ती केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढीच भरते. ती त्रि-ज्या.

दुसरी चूक स्पर्शिका काढताना होते. बरीच मुलं पट्टी वर्तुळाला टेकवतात आणि नजरेने रेघ ओढतात. अशी रेघ केंद्राकडे फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, म्हणजे अंतर ५ ऐवजी ४.९५ सेंटिमीटर झालं, तर हिशेबाने जीवा सुमारे १.४ सेंटिमीटर लांब निघते! रेघ वर्तुळाला बराच वेळ चिकटून चाललेली दिसली, की ही चूक झाली आहे असं समजावं. खात्रीचा मार्ग असा: आधी केंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंत त्रिज्या काढा, मग त्या टोकावर गुण्या ठेवून काटकोनात रेषा काढा. रेषेचं केंद्रापासूनचं अंतर लंबावरच मोजतात. त्रिज्याच लंब असली की ते अंतर आपोआप त्रिज्येइतकं होतं.

आता वर्तुळाबाहेर, केंद्रापासून १३ सेंटिमीटरवर एक बिंदू घ्या. तिथून स्पर्शिका काढायची तर स्पर्शबिंदू आधी माहीत नसतो. त्यासाठी केंद्र आणि हा बिंदू जोडा, मध्यबिंदू घ्या आणि ६.५ त्रिज्येचं दुसरं वर्तुळ काढा. ते पहिल्याला जिथे छेदतं ते दोन स्पर्शबिंदू, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. बाहेरच्या बिंदूपासून स्पर्शबिंदूपर्यंतचं अंतर काढताना काटकोन कुठे आहे ते नीट पाहा. तो स्पर्शबिंदूशी आहे, म्हणून १३ हा कर्ण. १६९ मधून २५ वजा केले की १४४ उरतात. उत्तर १२ सेंटिमीटर.

त्याच बिंदूतून केंद्रातून जाणारी छेदिका काढली तर ती वर्तुळाला ८ आणि १८ सेंटिमीटरवर भेटते. ८ गुणिले १८ म्हणजे १४४, आणि १२ चा वर्गही १४४. हे स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचं प्रमेय, आणि ते त्या बिंदूतून काढलेल्या कोणत्याही छेदिकेला लागू पडतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाहेरच्या ८ ला आतल्या जीवेने, म्हणजे १० ने गुणणं. उत्तर ८० येतं आणि गणित बिघडतं. दोन्ही अंतरं बाहेरच्या बिंदूपासूनच मोजायची.

त्रिकोणमिती आली की टॅन आणि सेक ही गुणोत्तरं भेटतात, तेव्हाही हीच आकृती उपयोगी पडते. केंद्राशी झालेल्या कोनाचा टॅन म्हणजे १२ भागिले ५, आणि सेक म्हणजे १३ भागिले ५. वर्तुळाची त्रिज्या ५ ऐवजी १ घेऊन तोच कोन ठेवला, तर स्पर्शिकेवरचा रेषाखंड नेमका टॅनइतका भरतो, आणि छेदिकेवरचं केंद्रापासून बाहेरच्या बिंदूपर्यंतचं अंतर सेकइतकं. टॅन हे टॅन्जंटचं आणि सेक हे सीकंटचं छोटं रूप आहे ते यामुळेच.