शेअर्ड ड्राइव्हवरची ‘जुनी’ फाइल ठरते कशी

आयटी प्रमुखांचा असा मेल सहसा चार ओळींचाच असतो. ३१ मार्च २०२६ नंतर S: ड्राइव्हवरच्या, गेल्या पाच वर्षांत बदल न झालेल्या फाइल्स काढून टाकल्या जातील, ज्यांना हव्या असतील त्यांनी त्याआधी कळवावे, एवढाच मजकूर. S: ड्राइव्ह म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवरची सामाईक जागा. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते, पण फाइल्स असतात एकाच ठिकाणी.

डिस्क आता स्वस्त झाली आहे, मग फाइल्स काढायच्या कशाला, असा प्रश्न लगेच निघतो. खर्च डिस्कचा नसतोच फारसा. त्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा बॅकअप घ्यावा लागतो आणि सर्व्हर बदलला की सगळा पसारा नव्या जागी न्यावा लागतो. ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर हलवायचा असेल तर हिशेब आणखी स्पष्ट होतो. तिथे कंपनीला मुळात १ टीबी आणि प्रत्येक लायसन्समागे १० जीबी जागा मिळते. १२० लायसन्स असलेल्या कंपनीला साधारण २.२ टीबी. सर्व्हरवर ४ टीबी साठले असेल तर उरलेल्या जागेचे पैसे दरमहा मोजायचे किंवा फाइल्स कमी करायच्या, हे दोनच मार्ग राहतात. शिवाय सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती वर्षानुवर्षे तशाच पडून असतात. त्या न ठेवणेच शहाणपणाचे.

अडचण ‘बदल न झालेल्या’ या शब्दांत आहे. सर्व्हर फाइलच्या तारखा ठेवतो, पण फाइलची गरज किती आहे याची नोंद कुठेच नसते. फोल्डरमध्ये दिसणारी `Date modified` ही तारीख फाइल शेवटची सेव्ह झाली तेव्हाची असते. फाइल रोज उघडून वाचली तरी ती तारीख हलत नाही. `Date created` तर आणखी फसवी. फाइल कॉपी केली की ही तारीख कॉपीच्या दिवसाची होते, बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. म्हणून एखादी फाइल २०१६ मध्ये बदललेली आणि २०२२ मध्ये ‘तयार झालेली’ दिसते. तिथे गोंधळ काही नसतो; २०२२ मध्ये ती नव्या सर्व्हरवर आली, एवढाच त्याचा अर्थ. शेवटची कधी वाचली, याची तिसरी तारीखही विंडोजकडे असते. पण व्हिस्टाच्या काळापासून ती नोंद बहुतेक ठिकाणी बंदच असते, कारण प्रत्येक वाचनासाठी डिस्कवर लिहीत बसण्यात वेळ जातो. राहता राहिली बदलाची तारीख, आणि सगळे मेल तिच्याच भरवशावर निघतात.

आता एक उदाहरण घेऊ. लोखंडी जॉब बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात कुणीतरी २०१६ मध्ये एक्सेलमध्ये वजनाचा तक्ता केला. गोल सळईचा मिलिमीटरमधला व्यास घ्यायचा, त्याचा वर्ग करून १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. २० मिमीची सळई मीटरला सुमारे २.४७ किलो भरते. पोलादाचे वजन काही दरवर्षी बदलत नाही. त्यामुळे त्या फाइलला दहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. मात्र कोटेशनची प्रत्येक शीट वजन तिथूनच उचलते. सर्व्हरच्या हिशेबी ही फाइल दहा वर्षे जुनी. कारखान्यात मात्र तिच्याइतकी वापरातली दुसरी नाही.

ती काढली की दुसऱ्या दिवशी ओरड होईल, असे वाटते. तसे होत नाही. एक्सेल बाहेरच्या फाइलमधून आणलेले आकडे स्वतःजवळ साठवून ठेवते. लिंक अपडेट करता आली नाही, अशी एक सूचना तेवढी येते. ती बंद करून लोक कामाला लागतात, आकडे जसेच्या तसे दिसत राहतात. दोन महिन्यांनी कुणी शीटमध्ये नवीन सूत्र घालायला जातो, एक्सेल मूळ फाइल कुठे आहे असे विचारते, आणि तेव्हा पत्ता लागतो.

तोवर ती परत मिळवण्याच्या सोप्या वाटा बंद होत आलेल्या असतात. नेटवर्कवरून काढलेली फाइल आपल्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. विंडोज सर्व्हरवर `Previous Versions` ही सोय चालू असेल तर ठरावीक वेळच्या जुन्या स्थितीतून फाइल उचलता येते. पण अशा स्थिती एका ड्राइव्हच्या जास्तीत जास्त ६४ राहतात, नवी घेतली की सर्वांत जुनी जाते. सोमवार ते शुक्रवार रोज दोनदा घेतल्या तर ६४ नोंदी ३२ दिवसांत, म्हणजे साडेसहा आठवड्यांच्या आतच भरतात. जागा अपुरी असेल तर त्याहून लवकर. दोन महिन्यांनी हाती राहतो तो मासिक बॅकअप, तोही जपून ठेवला असेल तर.

मेल आल्यावर माणसे करतात त्यातल्या दोन गोष्टी सफाईचा उद्देशच हाणून पाडतात. काही जण अख्खा फोल्डर डेस्कटॉपवर उतरवून घेतात. पसारा कमी न होता दुप्पट होतो. शिवाय ती प्रत बहुधा बॅकअपमध्ये नसते आणि फोल्डर कुणाला दिसावा याचे सर्व्हरवरचे निर्बंधही तिला लागू नसतात. काही जण फाइल्स एकेक उघडून सेव्ह करत सुटतात. तारीख आजची होते, फाइल वाचते, पण ती खरी केव्हाची होती हे कळण्याचा मार्गही बुजतो.

कामाची रीत थोडी संथ असते. तारखेत बसणाऱ्या फाइल्सची यादी आधी काढायची. विंडोजवर त्यासाठी पॉवरशेलची एवढी आज्ञा पुरते:

```powershell
Get-ChildItem S:\ -Recurse -File |
  Where-Object LastWriteTime -lt '2021-04-01' |
  Select-Object FullName, Length, LastWriteTime |
  Export-Csv D:\list.csv -NoTypeInformation
```

ही यादी फोल्डरनुसार पाडून विभागप्रमुखांकडे द्यायची. हजारो फाइल्स एकेक करून कुणी तपासत नाही, पण ‘Quotation’ नावाच्या फोल्डरवर नजर थांबते. मग फाइल्स काढायच्या नाहीत. सर्वांच्या नजरेआड अशा वेगळ्या जागी हलवायच्या आणि कोण शोधत येते ते पाहायचे. आयटीवाल्यांचा हा जुना खाक्या आहे आणि तो चालतो, मात्र थांबण्याचा काळ पुरेसा हवा. महिनाभर थांबून वर्षातून एकदाच लागणारी फाइल सापडत नाही. वर्षअखेरीचे हिशेब किंवा कर्मचाऱ्यांचे फॉर्म १६ ज्या फाइल्सवर चालतात, त्यांची आठवण मार्च ते जूनमध्येच येते. त्यामुळे हलवण्यापासून पुसण्यापर्यंतच्या काळात हे महिने आले पाहिजेत.

लेखा विभागाच्या फाइल्सना पाच वर्षांचा नियम लागूच होत नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांची व्हाउचर मागच्या आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. एप्रिल २०२६ मध्ये उभे राहून मागे मोजले तर २०१८-१९ पासूनची. त्या वर्षाच्या स्कॅन केलेल्या व्हाउचरमध्ये नंतर कुणी बदल केलेला नसतो, करायचाही नसतो. म्हणजे मेलच्या नियमात ती नेमकी सापडतात. एखाद्या व्यवहारावर खटला किंवा चौकशी चालू असेल तर त्याच्याशी संबंधित कागद मुदत उलटली तरी हलवता येत नाहीत. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा फौजदारी गुन्हा आहे. असे फोल्डर कोणते, हे आयटी विभागाला माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून मेल निघण्याआधी त्याचा मसुदा लेखा आणि विधी विभागाच्या नजरेखालून जावा लागतो, आणि वगळलेल्या फोल्डरांची नावे मेलमध्येच द्यावी लागतात.