जेल नेलपेंट ओरबाडू नका

साधं नेलपेंट वाळतं, जेल वाळत नाही. साध्या नेलपेंटमधलं पातळ द्रावण हवेत उडून जातं आणि रंग मागे राहतो. जेलचे रेणू मात्र लॅम्पच्या अतिनील प्रकाशात एकमेकांत गुंतून त्यांची घट्ट जाळी तयार होते. साध्या नेलपेंटवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की ते विरघळतं. जेलची जाळी विरघळत नाही, ती अ‍ॅसिटोन शोषून हळूहळू फुगते, मऊ पडते आणि मग नखावरची पकड सोडते. याला वेळ लागतो. घरच्या किटने नखं खराब झाल्याच्या तक्रारींमागे बहुतेकदा हा वेळ न देणंच असतं.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. लग्नाला म्हणून घरीच जेल लावलं. दोन आठवडे भांडी, कपडे, कणीक असं सगळं चालू राहिलं. नख पाण्याने फुगतं आणि पुन्हा आकसतं, त्यामुळे अंगठ्याच्या कडेला जेल जरासं सुटलं. टीव्ही बघता बघता दुसऱ्या हाताचं नख त्या फटीत गेलं आणि अख्खा तुकडा एका झटक्यात निघाला. सुटल्याचं समाधान वाटलं, पण तो तुकडा उलटा करून उजेडात धरला, तर आतल्या बाजूला पांढुरकी पूड दिसते. ते आपलंच नख आहे. नख म्हणजे केराटिनच्या मृत पेशींचे एकावर एक बसलेले पातळ थर. सगळ्यांची मिळून जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. जेल ओढलं की वरचे थर त्याच्याबरोबर उचकटतात.

अ‍ॅसिटोननेही नख थोडं पांढरट दिसतं, पण तो कोरडेपणा असतो आणि तेल लावल्यावर जातो. ओरबाडल्याचे पांढरे चट्टे तेलाने जात नाहीत, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. अशा पातळ झालेल्या नखावर पुन्हा जेल लावून हात लॅम्पखाली धरला, तर चटका बसतो, कारण जेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते.

मग काढायचं कसं? आधी 180 नंबरच्या फाइलने वरच्या टॉप कोटची चमक घालवायची. रंग धुरकट दिसला की थांबायचं, नखापर्यंत घासत जायचं नाही. चमक राहिली तर अ‍ॅसिटोन आत शिरत नाही, आणि बरेच जण नेमकी हीच पायरी गाळतात. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावायचं. नखाएवढाच कापूस शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा आणि बोटाला फॉइल घट्ट गुंडाळायची. अ‍ॅसिटोनविरहित रिमूव्हरचा इथे उपयोग नाही. दहा ते पंधरा मिनिटांनी एकच बोट उघडून बघा. जेल सुरकुतून कडेने उचललेलं दिसलं, तर लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे अलगद सरकवा. काडीला जोर द्यावा लागला, तर अजून वेळ झालेली नाही. पुन्हा गुंडाळा आणि आणखी पाच मिनिटं थांबा. नंतर हात धुऊन नखांना खोबरेल तेल चोळा. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि समईपासून दूर करा. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून ते कधीही गरम करू नका.

लावतानाची एक गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. जेलमधल्या अ‍ॅक्रिलेट गटातल्या रसायनांची, विशेषतः हेमाची, अ‍ॅलर्जी होऊ शकते. पूर्ण घट्ट झालेल्या जेलने हा धोका फारसा नसतो. कच्चं जेल कातडीला लागलं की तो वाढतो. एका कंपनीचं जेल आणि दुसरीचा लॅम्प वापरला, किंवा जाड थर दिला, तर वरून टणक दिसणारं जेल आतून कच्चं राहू शकतं. म्हणून थर पातळ द्या, ज्या जेलसाठी लॅम्प बनवला आहे तेच वापरा आणि कातडीवर आलेलं जेल लॅम्पखाली हात धरण्याआधीच पुसा. युरोपीय संघात हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असा नियम आहे. बोटांच्या टोकांना खाज, लाली, भेगा किंवा पापण्यांना सूज आली, तर जेल बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. याच गटातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्येही असतात, त्यामुळे दंतवैद्यांनाही ती सांगून ठेवावी लागते.

नख आधीच ओरबाडलं गेलं असेल, तर त्यावर काही लावून ते पुन्हा जाड होणार नाही. ते आखूड कापा, तेल लावत राहा आणि खराब भाग वाढून कापला जाईपर्यंत जेल लावू नका. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सुमारे सहा महिने लागतात.