कोर्स ठरवण्याआधी रिजेक्शनचा ढीग पाहा

समजा, एका कारखान्यात सीएनसी लेथवर 25 मिलिमीटर व्यासाचे भोक असलेला सुटा भाग तयार होतो. भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरमध्ये बसले पाहिजे. रिजेक्शन वाढते आणि व्यवस्थापन सर्व ऑपरेटरांसाठी दोन दिवसांचा ‘गुणवत्ता जागृती’ कोर्स मागते. प्रशिक्षकाने इथे होकार देण्याआधी थांबायला हवे, कारण गरज काय आहे हे अजून कुणीच शोधलेले नाही.

‘तुम्हाला कोणते प्रशिक्षण हवे?’ असा फॉर्म वाटला, तर हाती इच्छांची यादी येते. त्यापेक्षा नाकारलेले नग मोजावेत आणि ते कोणत्या मशीनवर, कोणत्या शिफ्टमध्ये, कोणत्या कामानंतर निघाले याची नोंद तपासावी. आपल्या उदाहरणात बहुतेक भोके मोठी झालेली आहेत आणि ती इन्सर्ट बदलल्यावर लगेच निघाली आहेत.

आता मशीनशेजारी उभे राहून काम पाहायचे. इन्सर्ट झिजला की भोक लहान होऊ लागते, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट थोडा थोडा वाढवतो. तो +0.030 पर्यंत गेला आणि नवा इन्सर्ट बसवताना तसाच राहिला, तर 25.010 ऐवजी 25.040 चे भोक पडते. लहान भोक पुन्हा कापता येते, मोठे झालेले भंगारात जाते.

ऑफसेट शून्य करायचा का राहिला, यावर पुढचे सगळे ठरते. रॉबर्ट मेजर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये यासाठी एक कसोटी मांडली: जीव पणाला लागला असता, तर या माणसाला हे काम जमले असते का? ऑपरेटरला निवांत वेळ आणि हाताशी बोअर गेज देऊन तेच काम करायला सांगावे. नव्या मुलांना तरीही जमले नाही, तर ती कौशल्याची उणीव. जुन्यांनी बिनचूक केले, तर अडचण दुसरीकडे आहे. कदाचित चार मशीनना मिळून एकच गेज असेल आणि उत्पादनाचा आकडा गाठायच्या घाईत पहिला नग मोजलाच जात नसेल. अशा वेळी जुन्यांना वर्गात बसवून काहीच बदलणार नाही. त्यांना गेज हवे, आणि पहिला नग तपासायला वेळ हवा.

मात्र कुणी बघत असताना माणूस जास्त जपून काम करतो. म्हणून निरीक्षण वेगवेगळ्या शिफ्टमध्ये करावे आणि ते रिजेक्शनच्या नोंदींशी ताडून पाहावे.

एवढे झाल्यावर कोर्स आपोआप लहान होतो: फक्त नव्या ऑपरेटरांसाठी, मशीनवरच, काही तासांचा. परीक्षाही स्पष्ट असते. प्रत्येकाने इन्सर्ट बदलावा, ऑफसेट शून्य करावा आणि पहिला नग मोजून दाखवावा. त्यानंतर इन्सर्ट बदलल्यावर निघणारी मोठी भोके कमी झाली, तर निदान बरोबर होते. झाली नाहीत, तर पुन्हा मशीनपाशी जाऊन शोधावे.