जुना लॅपटॉप आणि मोफत एडिटिंग

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं ठरवलं की बहुतेकजण सर्वात आधी दाविंची रिझॉल्व्ह सुचवतात. सॉफ्टवेअर उत्तम आहे, मोफतही मिळतं. पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम लागते. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते सुरू करून बसलात, तर पहिला कट देण्याआधीच कंटाळा येईल.

अशा लॅपटॉपसाठी शॉटकट घ्या. ते मोफत आहे, वॉटरमार्क टाकत नाही आणि विंडोजवरही चालतं. फक्त ते अधिकृत साइटवरूनच उतरवा. विंडोज ६४ बिटचं असायला हवं. एचडी व्हिडिओसाठी शॉटकटवाले ८ जीबी रॅम सुचवतात, त्यामुळे ४ जीबीवर थोडी युक्ती लागेल.

समजा, पुरणपोळीची कृती फोनवर शूट केली आहे. १०८० पिक्सेलच्या आठ क्लिप आहेत. टाइमलाइनवर टाकताच चित्र अडखळतं आणि आवाज पुढे धावतो. यात लॅपटॉपचा दोष थोडाच. बरेच नवे फोन एचईव्हीसी प्रकारात रेकॉर्ड करतात. त्यात फाइल लहान होते, पण ती उलगडून दाखवताना प्रोसेसरची दमछाक होते. पुढच्या शूटआधी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एच.२६४ निवडा. आयफोनमध्ये या पर्यायाला Most Compatible म्हणतात.

झालेल्या शूटिंगसाठी उपाय आहे प्रॉक्सी. क्लिप टाकण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करा आणि हा पर्याय सुरू करा:

```
Settings > Proxy > Use Proxy
```

शॉटकट प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवतं. तुम्ही कापाकापी त्या प्रतीवर करता, पण शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलमधूनच होतं, त्यामुळे दर्जा घटत नाही. प्रती तयार व्हायला वेळ लागतो. Jobs पॅनलमध्ये काम संपेपर्यंत खुशाल चहा घ्या. डिस्कवर जागा मात्र रिकामी ठेवा, आणि मूळ क्लिपचं नाव किंवा फोल्डर मध्येच बदलू नका, नाहीतर प्रोजेक्टला त्या सापडणार नाहीत.

त्याच मेनूत Preview Scaling मध्ये 360p निवडा. स्क्रीनवरचं चित्र थोडं धूसर दिसेल, तयार व्हिडिओ धूसर होणार नाही.

तरीही अडखळतंय? टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९० टक्क्यांवर गेली असेल तर ब्राउझर बंद करा. त्याच्या दहा टॅबच अर्धी रॅम खातात. प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर प्रॉक्सी तयार झाली नसेल, थोडं थांबा.

एक्स्पोर्ट करताना यादीतला YouTube पर्याय निवडला तरी पुरे. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपोआप वेग कमी करतात.